राजीखुशीने : हक्कसोडपत्र, रूढी आणि न्याय



या व्याख्यानमालेत बोलायला बोलावलं तेव्हा संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला. मी तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली केली. त्यात सर्वांत जास्त वेळा हाताखालून गेलेला कागद म्हणजे हक्कसोडपत्र. म्हणून आज त्याच एका कागदाबद्दल बोलतो.

हा कागद तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. त्याचा मायना जवळजवळ ठरलेला असतो. लिहून घेणार भाऊ, लिहून देणार बहिणी. वडिलोपार्जित मिळकतीचं वर्णन, गट नंबर, चतुःसीमा. मग ते वाक्य येतं: सदर मिळकतीतील आमचा हिस्सा आम्ही भावाच्या प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाखाली न येता, राजीखुशीने कायमचा सोडून देत आहोत. हे वाक्य बहिणी बोलत नाहीत. ते दस्त लिहिणाऱ्याच्या संगणकात आधीच टाइप केलेलं असतं, त्या कचेरीत येण्याआधी कित्येक महिने. त्या फक्त सही करतात, अंगठा देतात, दुय्यम निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर बसतात आणि "कबूल आहे का?" या प्रश्नाला "हो" म्हणतात. राजीखुशी होती की नाही, याची चौकशी करायला त्या खोलीत कोणी नसतं. ते निबंधकाचं कामही नाही. सही करणारी व्यक्ती तीच आहे ना, आणि तिने दस्त कबूल केला ना, एवढंच त्याने पाहायचं असतं.

सोडलं म्हणजे नेमकं किती सोडलं? माझा अनुभव असा की ज्यांनी सोडलं त्यांना हे बहुधा सांगता येत नाही. तेव्हा हिशेबापासून सुरुवात करू. त्यासाठी आपल्याच भागातला एक खटला घेतो. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात तो सुरू झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. कायद्याच्या पुस्तकांत तो 'गुरुपाद विरुद्ध हिराबाई' या नावाने आहे, आणि निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला आहे. कुटुंबप्रमुख १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. हक्कसोडाशी या खटल्याचा काही संबंध नव्हता. आईला किती मिळायचं, एवढाच वाद होता. पण वाटणीचं गणित समजायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते गणित दोन पायऱ्यांचं होतं. वडील वारण्याच्या क्षणाआधी घरात वाटणी झाली, असं धरायचं. त्या कल्पित वाटणीत बाप, आई आणि दोन मुलगे असे चार वाटेकरी. मुलींना तिथे जागाच नव्हती. म्हणजे प्रत्येकाला पाव हिस्सा. मग बापाचा जो पाव हिस्सा झाला तो सहाही वारसांत सारखा वाटायचा. मुलींना जे मिळायचं ते या दुसऱ्या पायरीतच. समजायला सोपं जावं म्हणून जमीन चोवीस एकर धरू. हा आकडा माझा आहे, खटल्यातला नाही. बापाचे सहा एकर सहा जणांत वाटले, प्रत्येकी एक एकर. म्हणून आईला सात एकर, प्रत्येक मुलाला सात एकर, आणि प्रत्येक मुलीला एक एकर. एकाच आईबापाच्या पोटी जन्मलेल्या भावाला सात आणि बहिणीला एक, आणि हे कायद्यानेच. रूढीने तिच्याकडून जे मागितलं ते हा एक एकर सोडण्याबद्दल होतं.

आता तेच कुटुंब आजच्या कायद्यात आणू. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार झाली, मुलासारखी. वडील आज वारले असते तर कल्पित वाटणीत सात वाटेकरी आले असते: आईबाप, दोन मुलगे, तीन मुली. बापाचा सातवा हिस्सा पुन्हा सहा जणांत गेला की प्रत्येकाच्या पदरात बरोबर सहावा हिस्सा पडतो. चार एकर. आईला चार, मुलांना चार, मुलींना चार.

घरातला ताण कुठून येतो ते या आकड्यांत दिसतं. बहिणीचा हिस्सा एकावरून चारवर गेला, भावाचा सातावरून चारवर आला. आईचाही. बहिणीकडे पूर्वी जे मागितलं जात होतं त्याच्या चौपट आज त्याच शब्दांत, त्याच साडीचोळीवर मागितलं जातं. मागणारा मात्र स्वतःला पूर्वीचाच समजतो. आपण सात एकरांचे मालक आहोत, बहिणी त्यातलं काढून घ्यायला आल्या आहेत, असं त्याला खरोखर वाटत असतं. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मनातला सातबारा जुना असतो, इतकंच.

कायदा इथवर सरळ रेषेत आला असंही नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली होती आणि मुलींना सहहिस्सेदार केलं होतं, पण ती दुरुस्ती लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. घरातल्या थोरलीचं लग्न १९९० मध्ये झालेलं आणि धाकटी तेव्हा शाळेत, तर थोरलीला नाही आणि धाकटीला आहे, अशी स्थिती दहा-अकरा वर्षं होती. २००५ ने तो भेद काढला. मग दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायला हवेत का, यावर उलटसुलट निकाल येत राहिले. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. "आमचं वाटप तोंडी कधीच झालंय" हा पवित्राही त्याच निकालाने बराचसा बंद केला. २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत वाटपपत्र किंवा न्यायालयाचा हुकूम असेल तर तो टिकतो. नुसतं तोंडी सांगणं टिकत नाही. सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद.

आता रूढीकडे येऊ, कारण घरात वाद होतो तेव्हा कलमं कोणी वाचत नाही. तेव्हा बोललं जातं ते असं: "पोरीचं लग्न लावून दिलं की तिचं देणं फिटलं." "आईबापांचं आम्ही केलं." "तुला तिकडे मिळेलच की." आणि शेवटी, आवाज खाली आणून, "माहेर तुटेल बरं का."

या चारही बोलण्यांना मी हलकं मानत नाही. रूढीत एक व्यवहार होता, आणि तो एकतर्फी नव्हता. बहिणीने जमीन सोडायची; त्याबदल्यात भावाने पहिली बाळंतपणं करायची, मुराळी म्हणून न्यायला जायचं, दिवाळीला बोलवायचं, भाच्याच्या लग्नात आहेर न्यायचा, आणि सासरी वाईट दिवस आले तर तिला दाराबाहेर उभं ठेवायचं नाही. जमीन विकली जात नव्हती, तिच्यातून धान्यच यायचं. तेव्हा त्या धान्याच्या घरात बहिणीला कायमचा आसरा असणं ही काही छोटी गोष्ट नव्हती. पण गावाला बाह्यवळण रस्ता आला, शेताची बिगरशेती झाली, गुंठ्यावर भाव लागला, आणि त्या व्यवहाराची एक बाजू गळून पडली. भावाने जमीन विकून शहरात सदनिका घेतली. बहिणीला आसरा देणारं घर त्या सातबाऱ्याबरोबरच गेलं. तिची सही मात्र जुन्या व्यवहारावरच मागितली जाते.

शिवाय रूढी म्हणजे नेमकी कोणती? जुनं जुनं म्हणून आपण ज्याचा आधार घेतो त्यात मनुस्मृतीही आहे, आणि तिच्यात भावांनी आपापल्या वाट्याचा चौथा भाग अविवाहित बहिणीला द्यावा असं सांगितलं आहे. मुंबई इलाख्यात व्यवहारमयूखाचा मान मोठा होता. इथल्या हिंदू कायद्याच्या शाखेत वडिलांची जमीन मुलीला मिळाली तर ती पूर्ण मालकीने मिळत असे, आणि बहिणीलाही वारसांच्या रांगेत वरची जागा होती. इतर प्रांतांत मुलीला मिळालेलं तिच्या हयातीपुरतंच असायचं. तेव्हा "आपल्याकडे मुलीला जमीन देत नाहीत" हे वाक्य आपल्याच शास्त्रींनी इतकं सरसकट मान्य केलं नसतं. आपण रूढीतलं सोयीचं तेवढं उचललं आहे.

लग्नाच्या खर्चाचा मुद्दा घेतो, कारण तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, त्यामुळे तो कुठल्याच हिशेबात धरता येत नाही. धरायचाच झाला तर तो मुलीचा, सासरचा नाही, असं तोच कायदा म्हणतो. राहिला मांडव, जेवणावळ, दागिने. हे वाट्यातून वळतं करायचं असेल तर वही दोघांची उघडावी लागेल. मुलाचं पुण्यातलं शिक्षण, त्याच्या नावावर घेतलेला ट्रॅक्टर, गावातल्या घरावर चढवलेला मजला, आणि हो, त्याच्याही लग्नाचा खर्च. गोव्याच्या कायद्यात हे चक्क करतात. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या त्या वारसा कायद्यात आईबापांनी हयातीत मुलांना दिलेल्या भेटी वाटणीच्या वेळी मालमत्तेत परत मिळवतात आणि मग सगळ्यांचे भाग काढतात, मुलगा-मुलगी न पाहता. एखाद्या मिळकतीवर दोघांचा डोळा असेल तर वारसांतच लिलाव होतो. जो जास्त बोली करतो तो ती घेतो आणि इतरांचं रोख भागवतो. आपल्याकडे अशी वही उघडायचा विषय निघाला की ज्याने तो काढला तोच बहुधा गप्प होतो.

"तुला तिकडे मिळेलच" हे त्याहून पोकळ आहे. सासऱ्याच्या मिळकतीत, नवरा जिवंत असताना, सुनेला वारस म्हणून काही मिळत नाही. मिळतं ते नवऱ्याला. तिची नणंदही तिकडे सही करून मोकळी झालेली असते, आणि तिलाही हेच सांगितलेलं असतं. प्रत्येक बाई दुसऱ्या घरातून मिळेल या भरवशावर पहिल्या घरातलं सोडते, आणि दोन्ही घरांचे सातबारे पुरुषांच्या नावावर राहतात. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. माझ्या मते प्रश्नाचं हे दुसरं टोक कोणी धरलं तर त्यांनीच.

"आईबापांचं आम्ही केलं" याला मात्र वजन आहे, आणि बहिणींच्या बाजूने बोलणारे ते झटकून टाकतात तेव्हा मला पटत नाही. जो भाऊ गावात राहिला, ज्याने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं केलं, विहीर खणली, पाइपलाइन टाकली, कर्ज फेडलं, त्याला आणि मुंबईतून वर्षातून एकदा येणाऱ्याला एका मापाने मोजणं मलाही अन्यायाचं वाटतं. पण हा न्याय मिळवायचा रस्ता वेगळा आहे. वडील आपल्या वाट्याचं मृत्युपत्र करू शकतात आणि जो सांभाळतो त्याला देऊ शकतात. वाटणीत विहिरीचा, बागायतीचा तुकडा ज्याने तो केला त्याच्याकडे ठेवून बाकीच्यांना दुसरीकडे द्यावा, हे न्यायालयंही करतात. कष्टाची किंमत आकड्यात मांडून ती वळती करता येते. या कशातही बहिणीचा चार एकरांचा हक्क शून्यावर आणावा लागत नाही. आणि हेही विचारायला हवं की वडिलांचं केलं कोणी, भावाने की वहिनीने? तिचं नाव तर हक्कसोडपत्राच्या कुठल्याच बाजूला नसतं.

आता हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगतो. फसवणूक आणि प्रेम यांच्या मधल्या जागेतच बहुतेक सह्या होतात.

सर्वांत वाईट प्रकारात सही लागतच नाही. वडील वारल्यावर वारसनोंदीचा अर्ज जातो आणि त्यात मुलींची नावंच लिहिलेली नसतात. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या मुलीपर्यंत ती नोटीस पोहोचत नाही, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. किंवा नावं लागतात, पण कब्जेदार सदरी भावांची आणि 'इतर हक्क' या रकान्यात बहिणींची, म्हणजे जणू विहिरीच्या पाण्याचा हक्क किंवा सोसायटीचा बोजा. अशा वेळी घाबरून जाण्यासारखं काही नसतं. फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. तो सारा वसुलीसाठीचा कागद आहे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. भाऊ वीस वर्षं एकटा कसत असला तरी एका हिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांसाठीच असतो. बहिणीचा हक्क उघडपणे, तिला कळेल असा नाकारला जात नाही तोवर त्या वर्षांचा उपयोग नाही. प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा आता 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून पाहता येतात. वडील गेल्यावर काही महिने तिथे नजर ठेवली तर बरंच टळतं.

नेहमीच्या प्रकारात सही लागते, आणि ती मागण्याची वेळ ठरलेली असते. तेराव्याला सगळ्या बहिणी जमलेल्या असतात, परत जायची गाडी दुसऱ्या दिवशीची असते. "आलाच आहात तर उरकून टाकू." किंवा भूसंपादनाची नोटीस आलेली असते आणि मोबदल्याच्या यादीत बहिणींचीही नावं निघतात. हा दस्त करायला खर्चही जवळजवळ नाही: वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीने भावाच्या नावे सोडलं तर महाराष्ट्रात बाजारभावाने मुद्रांक लागत नाही, काही शे रुपयांत काम होतं. चार एकर बागायतीचं खरेदीखत करायला मुद्रांक शुल्कच लाखांत जातं. सरकारने ही सवलत कुटुंबाच्या सोयीसाठी ठेवली आहे, पण तिने दानाचा रस्ता इतका उताराचा केला आहे की वाजवी किंमत देऊन हिस्सा विकत घेण्याचा विचार कोणी करत नाही.

दबावाची सही ओळखायची कशी? तिने हिस्सा किती आहे हे विचारलं का आणि तिला उत्तर मिळालं का, हे मी आधी पाहतो. मग दस्तातलं मिळकतीचं वर्णन पाहतो. गट नंबर देऊन शेवटी "व इतर सर्व स्थावर-जंगम मिळकती" असं मोघम लिहिलेलं असेल, तर ज्या मिळकती तिला माहीतही नाहीत त्याही तिने सोडल्या. वकील कोणी आणला, मसुदा तिला घरी न्यायला मिळाला का, वडील गेल्यापासून किती दिवस झाले, एखादी बहीण नको म्हणाली तेव्हा काय झालं, हे मग आपोआप बाहेर येतं. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर घेतलेली सही तर मुळातच कच्ची, कारण पुढे मिळेल या आशेचं हस्तांतर होत नाही.

सही झाल्यावर मात्र रस्ता अरुंद होतो. हक्कसोडपत्र नोंदवलं की पश्चात्ताप झाला म्हणून निबंधकाकडे ते मागे घेता येत नाही. दिवाणी न्यायालयात दावा करून गैरवाजवी दबाव किंवा फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. पुरावा कसला द्यायचा? भावाने धमकी दिली नव्हती. आई रडली होती. "माझ्या डोळ्यांदेखत भांडू नका" असं म्हणाली होती. हा दबाव आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात तो सांगता येत नाही. पैशाची अडचण मात्र कमी आहे. मिळकतीच्या वादात स्त्री पक्षकाराला राज्य सरकारने १९९४ मध्ये न्यायालयीन शुल्क माफ केलं आहे. कित्येक बहिणी या शुल्काच्या धास्तीने वकिलाकडे येतच नाहीत.

राहिली ती बहीण, जिला खरंच द्यायचं आहे. अशाही असतात, आणि त्यांना शहाणपण शिकवायला मी गेलो नाही. भाऊ गरीब आहे, तिचं बरं चाललंय, किंवा तिला नुसतंच द्यावंसं वाटतं. तिला मी एवढंच सांगत आलो: आधी सातबाऱ्यावर तुमचं नाव कब्जेदार म्हणून लागू द्या, क्षेत्रासकट. वर्षश्राद्ध होऊ द्या. मग द्यायचं ते द्या. सगळं द्या, किंवा शेतातलं द्या आणि रस्त्याकडचं ठेवा, किंवा नाव राहू द्या आणि भावाला कसू द्या, वर्षाला दोन पोती ज्वारी घ्या किंवा घेऊ नका. भावाला तुकडा मोडायचा नसेल तर तो वाजवी भावाने विकत घेऊ शकतो. वारसांतला एखादा आपला हिस्सा विकायला निघाला तर दुसऱ्या वारसाचा तो घ्यायचा पहिला हक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

क्रम बदलला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. नाव लागण्याआधी जी सही होते तिच्यात बहीण कागदातली अडचण दूर करत असते. नाव लागल्यावर तिच्या हातात चार एकर असतात आणि त्यातलं ती देत असते. काही बहिणींनी वर्षभराने आनंदाने सगळं लिहून दिलं. काहींनी अर्धं दिलं. एकीने नवऱ्याच्या आजारपणात विकलं, भावालाच, आणि त्यानेही पूर्ण भाव मोजला. आणि काही भाऊ असे निघाले की नाव लावायची गोष्ट काढताच त्यांनी बोलणं टाकलं, भाऊबीजेला दार उघडलं नाही. त्यांच्या बहिणी माझ्यासमोर बसून रडल्या आणि मग वाटपाच्या दाव्याच्या वकीलपत्रावर सही केली. त्यात काय लिहिलं आहे, किती प्रती, पुढची तारीख कधी, हे सगळं त्यांनी नीट विचारून घेतलं.